बिलातलं दोन-तीन ओळींचं वर्णन (एक आयटम एकच धरणं)

सप्लायरकडून आलेल्या बिलाचं पीडीएफ कंप्युटरने वाचून त्यातले आयटम आपोआप एन्ट्रीत घ्यायचे असतील तर सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्णनाच्या रकान्यात. मालाचं नाव लांब असलं की ते रकान्यात मावत नाही, उरलेलं खालच्या ओळीवर जातं, कधी त्याच्याही खाली, आणि प्रोग्राम ‘एक ओळ म्हणजे एक आयटम’ असं धरून चालत असेल तर तीन वस्तूंच्या बिलातून सहा-सात वस्तू बाहेर पडतात. अशा खोट्या आयटमना ना नग असतो ना दर, नुसतं अर्धवट नाव असतं. या ओळी ओळखून त्यांच्या खऱ्या आयटमला परत जोडणं म्हणजेच हे काम.

मुळात पीडीएफमध्ये टेबल असं बहुतेक वेळा काही नसतंच. कागदावर कुठल्या जागी कुठलं अक्षर छापायचं एवढंच त्यात लिहिलेलं असतं, रकाने आणि ओळी आपले डोळे बनवतात. `pdfplumber` सारखी लायब्ररी प्रत्येक शब्दासोबत त्याची जागा देते, म्हणजे डावी कड `x0`, उजवी कड `x1` आणि पानाच्या वरच्या कडेपासूनचं अंतर `top`. शब्द कुठल्या रकान्यातला हे या आकड्यांवरूनच ठरवायचं, मजकुरात आकडा दिसला म्हणून तो नग किंवा दर आहे असं अजिबात धरायचं नाही, कारण ‘६५०० के कूल डेलाइट’ किंवा ‘९० मीटर कॉइल’ अशी ओळ आकड्यानेच सुरू होते आणि तरीही ती वर्णनच असते. रकमेचा रकाना उजवीकडे लागून छापलेला असतो, तिथे `x0` दर ओळीला हलतो पण `x1` जवळपास एकाच जागी राहतो, म्हणून रक्कम शोधताना `x1` बघावा.

सगळे आधी शिकतात तो नियम सोपा आहे: ज्या ओळीत रक्कम आहे ती मुख्य ओळ, आणि ज्या ओळीत फक्त वर्णन आहे ती तिच्या वरच्या आयटमची. टॅलीच्या नेहमीच्या बिलावर हा नियम छान चालतो, कारण तिथे अनुक्रमांक, नग, दर, रक्कम सगळं नावाच्या पहिल्या ओळीवर असतं आणि जादाचं वर्णन त्याखाली येतं. एकच सांभाळायचं, तिथे शेवटी वर्णनाच्याच रकान्यात सीजीएसटी, एसजीएसटी, राउंड ऑफ असं लिहून समोर रक्कम असते, त्यामुळे नुसती रक्कम बघितली तर टॅक्ससुद्धा आयटम होऊन बसतो. मुख्य ओळीला रकमेसोबत नग किंवा अनुक्रमांक हवाच, ही अट टाकली की ते मिटतं. (सर्व्हिसच्या बिलात नग नसतो, तिथे अनुक्रमांकावरच भागवावं लागतं.)

खरी अडचण वेब सॉफ्टवेअरमधून निघालेल्या बिलांची. एचटीएमएलच्या टेबलमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर सेलमधला मजकूर उभ्या दिशेने मधोमध बसतो. म्हणजे वर्णन तीन ओळींचं असेल तर रक्कम दुसऱ्या ओळीसमोर येते, आणि दोन ओळींचं असेल तर दोन्हींच्या मध्ये, कुठल्याच ओळीसमोर नाही!

एक इलेक्ट्रिकल मालाचं बिल घेऊ, आकडे समजायला सोपे जावेत असे घेतलेत. पहिला आयटम एलईडी पॅनल लाइट, वर्णन तीन ओळींचं, `top` ३००, ३११, ३२२, आणि आकडे ३११ वर: १० नग, दर २४०, रक्कम २,४००. दुसरा पीव्हीसी पाइप, एकच ओळ ३३९ वर, २० नग, दर ६५, रक्कम १,३००. तिसरा कॉपर वायर, ओळी ३५६ आणि ३६७ वर, आकडे मात्र ३६१.५ वर: ४ कॉइल, दर १,४५०, रक्कम ५,८००. एकूण ९,५००.

इथे ‘खालची ओळ वरच्या आयटमची’ लावलं तर काय होतं बघा. ३०० वरची ‘एलईडी पॅनल लाइट’ ही ओळ कुणाचीच होत नाही, कारण तिच्या वर आयटमच नाही. ३५६ वरची ‘कॉपर वायर’ ही ओळ पाइपला चिकटते. आणि तिसऱ्या आयटमला नाव म्हणून उरतं फक्त ‘९० मीटर कॉइल’. तरी आयटम तीनच निघतात, नग गुणिले दर बरोबर येतो, बेरीज ९,५०० च येते! पैसे सगळे मुख्य ओळीत असतात त्यामुळे टोटलची तपासणी ही चूक कधीच पकडणार नाही. मी स्वतः टोटल जुळतेय म्हणून निर्धास्त होतो, स्टॉकमध्ये पाइपच्या नावापुढे वायर लागलेली दिसली तेव्हा कुठे कळलं. ओळखायची खूण अशी की पहिल्या आयटमच्या वर एखादी बेवारस ओळ राहते, ती गपचूप टाकून देऊ नये, तिथेच प्रोग्राम थांबवावा.

उपाय म्हणजे रक्कम बाजूला ठेवायची आणि आधी फक्त वर्णनाच्या रकान्यातली अंतरं बघायची. वरच्या बिलात ती ११, ११, १७, १७, ११ आहेत. एकाच वर्णनाच्या ओळी ११ वर, आणि आयटम बदलला की सेलच्या मोकळ्या जागेमुळे १७. मधला आकडा १४ धरून तिथे तोडायचं:

```python
def gat(tops, cut):
    out = [[tops[0]]]
    for a, b in zip(tops, tops[1:]):
        if b - a > cut:
            out.append([])
        out[-1].append(b)
    return out

gat([300, 311, 322, 339, 356, 367], 14)
# [[300, 311, 322], [339], [356, 367]]
```

तीन गट मिळाले. आता प्रत्येक रक्कम कुठल्या गटाच्या हद्दीत पडते ते बघायचं: ३११ पहिल्यात, ३३९ दुसऱ्यात, ३६१.५ तिसऱ्यात. एका गटात बरोब्बर एक रक्कम आली तरच पुढे जायचं, दोन आल्या किंवा एकही नाही आली तर ते बिल माणसाने बघावं. १४ हा आकडा सगळ्या बिलांना चालत नाही, दर सप्लायरचा फॉन्ट वेगळा, म्हणून तो त्याच बिलातल्या लहान आणि मोठ्या अंतरांमधून काढलेला बरा.

सगळीच अंतरं सारखी असतील तर ही युक्ती लागू पडत नाही. मग आयटमच्या मध्ये आडव्या रेषा असतील तर त्यांचा आधार घ्यायचा, आणि त्याही नसतील तर अनुक्रमांक आणि रक्कम वरच्या ओळीवर आहेत का बघून पहिल्या नियमाकडे परतायचं. टॅलीचं बिल साधारण याच प्रकारात येतं, तिथे उभ्या रेषा असतात पण दोन आयटमच्या मध्ये आडवी नसते.

स्कॅन केलेल्या बिलात आधी पान सरळ करावं लागतं. कागद फक्त एक अंश तिरका असला तरी ५०० पॉइंट लांब गेल्यावर उंचीत पावणेनऊ पॉइंटचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी ओळ, आणि मग रक्कम शेजारच्या आयटमसमोर जाऊन बसते.

पान संपताना वर्णन तुटलं तर उरलेली ओळ पुढच्या पानावर रकान्यांच्या नावांखाली एकटीच येते. तिथे वरचं अंतर काहीच सांगत नाही, म्हणून पानावरच्या पहिल्या गटाला रक्कम नसेल तर तो मागच्या पानाच्या शेवटच्या आयटमला जोडायचा, पण त्याआधी मागच्या पानावरचा ‘पुढे चालू’चा मजकूर आणि पानाची बेरीज काढून टाकायची, नाहीतर ती ओळ त्या बेरजेलाच जाऊन चिकटते.