माफीचा शेवट कधी पटतो?

"शेवटी माफी मिळाली, वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे कादंबरीचा शेवट जमला ना?"

नाही. रडू तर दवाखान्यातल्या खाटेनेही येतं. समजा, यावलकडच्या दोन भावांची गोष्ट आहे. थोरल्याने सामाईक विहिरीवरची धाकट्याची पाण्याची पाळी बंद केली आणि ऐन निसवणीत, घड बाहेर पडायच्या वेळी, त्याची केळी वाळली. शेवटच्या प्रकरणात थोरला मरणाला टेकतो, धाकटा गळ्यात पडतो. आता त्यातलं आजारपण काढून बघा. थोरला धडधाकट असता तर धाकट्याने माफ केलं असतं का? नसेल, तर माफी मरणाने दिली, माणसाने नव्हे.

हाच शेवट कमावताही येतो. थोरला "झालं गेलं विसर" न म्हणता "तुझं पाणी मी तोडलं" असं स्वतःच्या तोंडाने म्हणतो. धाकट्याला नाही म्हणायची खरी मोकळीक असते. मुख्य म्हणजे आधीच्या एखाद्या प्रकरणात त्यानेही शेजाऱ्याला पाणी नाकारलेलं असतं, आणि ते त्याला आठवतं. माफीनंतरही नुकसान भरून येत नाही. कर्ज राहतं. कानातले मोडून हप्ता भरलेली त्याची बायको थोरल्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाही, आणि लेखकाने तिला तो ठेवायला लावू नये.