ड्राइव्ह टेस्ट (मोबाइल जाळे)

रस्त्याने फिरत केलेली मोबाइल जाळ्याची रेडिओ मोजणी. गाडीत चाचणीचे फोन, जीपीएस, लॅपटॉप आणि बहुधा हवेतले सगळे मोबाइल-संकेत टिपणारा स्कॅनर असतो. एक फोन ठरावीक वेळेचे कॉल लावतो आणि तोडतो. पुढील विवेचन ४जीपुरते आहे.

प्रत्येक क्षणी दोन मापे मुख्यत्वे पाहतात. सेल म्हणजे बेस स्टेशनने सांभाळलेले एक क्षेत्र; आरएसआरपी म्हणजे त्या सेलच्या संदर्भ-संकेताची फोनपाशी पोचलेली शक्ती, डीबीएम या एककात. ती उणे ८५ डीबीएमच्या आसपास असेल तर चांगली, उणे ११५ च्या खाली गेली की कॉल धोक्यात. एसआयएनआर हे संकेत आणि गोंगाट-व्यत्यय यांचे गुणोत्तर. शक्ती भरपूर असून एसआयएनआर शून्याखाली असेल, तर रेंज पूर्ण दिसते आणि तरी आवाज तुटतो. तिथे दोष बहुधा दूरवरून घुसणाऱ्या सेलचा असतो.

कॉल नेमका कधी तुटला म्हणायचे, याविषयी दोन मते आहेत. जाळ्याचे गणक फक्त अनपेक्षितपणे संपलेले कॉल मोजतात. आवाज बंद पडल्यावर ग्राहकानेच वैतागून फोन ठेवला, तर तो कॉल नीट संपल्याची नोंद होते. जुन्या २जी जीएसएममध्ये तर ‘रेडिओ लिंक टाइमआउट’, म्हणजे संकेत हरवल्यावर कॉल सोडण्याआधी थांबायची मुदत, वाढवले की मुका कॉलही जोडलेला राहतो. म्हणून दीर्घ शांतता हाही तुटलेला कॉल धरणे अधिक योग्य वाटते.

शोध घेताना कॉल तुटला तिथून नोंद मागे वाचत जातात. समजा, बोरघाटासारख्या वळणावर डोंगर आड आला आणि चालू सेलची शक्ती काही सेकंदांत उणे ९२ वरून उणे ११६ वर घसरली. त्याच वेळी स्कॅनरला दुसरा सेल उणे ८८ वर दिसतो. नोंदीत फोनचा मापांचा अहवाल `measurementReport` पुन्हा पुन्हा जातो आणि त्यात हा दुसरा सेल असतो, पण सेल बदलण्याची आज्ञा असलेला `rrcConnectionReconfiguration` येत नाही. एसआयएनआर खाली जातो, संकेत बिघडल्यावर सुरू होणारा टी३१० हा घड्याळ-गणक (बहुधा १ सेकंदाचा) संपतो, फोन त्या दुसऱ्या सेलकडे पुन्हा जोडणीची विनंती `rrcConnectionReestablishmentRequest` पाठवतो. त्या सेलकडे या कॉलचा तपशील आधी पोचलेलाच नसल्याने नकार `rrcConnectionReestablishmentReject` येतो आणि कॉल तुटतो.

या क्रमावरून पहिला संशय बेस स्टेशनकडच्या शेजारी सेलच्या यादीवर जातो: दुसरा सेल तिच्यात नसावा. मात्र अहवाल बेस स्टेशनपर्यंत पोचलेच नाहीत तरी फोनकडची नोंद अशीच दिसते. तेव्हा फोनची प्रक्षेपण-शक्ती कमाल, म्हणजे २३ डीबीएमला टेकली होती का ते पाहतात आणि स्टेशनकडची नोंद जुळवतात. अहवाल पोचले असतील तर सेल यादीत घालून त्याच वळणावर पुन्हा गाडी फिरवतात. स्कॅनरलाही दुसरा सेल सापडला नसता, तर प्रश्न यादीचा नव्हे, कव्हरेजचा ठरला असता.

इमारतींच्या आतील आणि वरच्या मजल्यांवरील स्थिती या मोजणीत येत नाही. त्यासाठी पायी चाचणी करतात. मोबाइल मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी संस्थेच्या रिलीज १० पासून ग्राहकांच्या फोनकडूनच मापे गोळा करण्याची सोयही आहे.