दोन टक्क्यांचा हिशेब कुठून आला

'एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून जास्त गमवायचं नाही' हा ट्रेडिंगमधला सर्वांना पाठ झालेला नियम. त्याचं गणिती मूळ मात्र टेलिफोनच्या तारेशी जाऊन भिडतं. 1956 साली बेल लॅब्स या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जॉन केली या संशोधकाने एक प्रश्न मांडला. एखाद्या जुगाऱ्याला खाजगी तारेवरून निकालाची आगाऊ बातमी मिळते, पण तारेत खरखर असल्याने ती कधी कधी चुकते. अशा वेळी त्याने किती पैसे लावावेत? केलीचं उत्तर होतं, दर वेळी हातात असलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा. बरोबरीच्या पैजेत, म्हणजे जितके लावले तितकेच जिंकता किंवा हरता येतात अशा पैजेत, 60 टक्के वेळा जिंकण्याची खात्री असेल, तर तो हिस्सा 0.6 − 0.4, म्हणजे 20 टक्के.

यातली खोच जास्त लावण्यात आहे. याच पैजेत दर वेळी 40 टक्के लावले, तर दीर्घकाळात पैसा वाढतच नाही, किंचित घटतो. दहातले सहा डाव जिंकूनही! शिवाय बाजारात ते 60 टक्के कोणी छापून देत नाही, अंदाजच करावा लागतो. अंदाज थोडा फुगला की हिस्साही फुगतो. म्हणून ट्रेडर केलीच्या आकड्यापासून बरेच खाली राहिले, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. सलग दहा सौदे फसले, तर 20 टक्क्यांच्या हिशेबाने भांडवलाचे जेमतेम 11 टक्के उरतात. दोन टक्क्यांच्या हिशेबाने जवळपास 82 टक्के उरतात.

व्यवहारात हा नियम कसा बसवायचा, हे 1983 च्या 'टर्टल' प्रयोगात स्पष्ट दिसतं. शिकागोचे रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी 'टर्टल' म्हटल्या गेलेल्या नवशिक्यांना फ्युचर्सचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या काँट्रॅक्टांचा, व्यापार शिकवला. आधी त्या मालाचा रोजचा सरासरी चढउतार काढायचा, त्याला ते N म्हणत. एक युनिट म्हणजे इतके काँट्रॅक्ट, की भाव 1 N हलला तर खात्याचा एक टक्का हलेल. आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा स्वीकारून बाहेर पडायची पातळी, 2 N वर. समजा खातं 10 लाख डॉलरचं आहे आणि एका काँट्रॅक्टचा N 500 डॉलर. एक टक्का म्हणजे 10,000. भागिले 500, म्हणजे 20 काँट्रॅक्ट. स्टॉप लागला तर प्रत्येकी 1,000, एकूण 20,000 डॉलर गेले, म्हणजे दोन टक्के. माल दुप्पट उसळणारा असेल, तर काँट्रॅक्ट आपोआप दहावर येतात. दोन टक्के हा तोट्याचा आकडा आहे, गुंतवलेल्या रकमेचा नव्हे. इथे नवखे हमखास गफलत करतात.

हिशेब दोन ठिकाणी फसतो. भाव रात्रीत उडी मारून स्टॉपच्या पलीकडे उघडला, तर दोनाचे चार टक्केही होऊ शकतात. वहीत ठरवलेल्या तोट्याशेजारी प्रत्यक्ष तोटा लिहीत गेलं, की हे लगेच दिसतं. दुसरं म्हणजे एकत्र हलणाऱ्या मालातले पाच सौदे खरं तर एकच मोठा सौदा असतो. म्हणूनच टर्टलांना एका बाजारात 4, अगदी जवळच्या बाजारांत मिळून 6 आणि एकाच दिशेने एकूण 12 युनिटांची मर्यादा होती.