गेटच्या वजनाचा हिशोब: चौकोनी पाईप वेगळा, पट्टी वेगळी

रत्नागिरीकडे कंपाऊंडचं मेन गेट करायला दिलं, की कोटेशनवर दोन ओळी हमखास दिसतात: ‘४० बाय ४० पाईप’ आणि ‘२५ बाय ५ पट्टी’. दोन्हीकडे मापं ‘अमुक बाय तमुक’ अशीच लिहिलेली असल्यामुळे माणूस दोन्हींचं वजन एकाच रीतीने काढायला जातो. पण पट्टीच्या मापात तिचं सगळं लोखंड सांगितलेलं असतं, तर पाईपच्या मापात नुसता बाहेरचा आकार असतो. आतल्या पोकळीभोवती लोखंड किती, हे तिसऱ्या आकड्यावर म्हणजे जाडीवर ठरतं, आणि नेमका तोच आकडा कोटेशनवर अनेकदा नसतो.

पट्टीचं गणित सरळ आहे. रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि आलेल्या आकड्याला ०.००७८५ ने गुणायचं, की मीटरमागे किलो मिळतात. माइल्ड स्टीलची घनता घनमीटरला ७८५० किलो धरतात, त्यातूनच हा आकडा येतो. २५ बाय ५ ची पट्टी म्हणजे १२५ चौरस मिलिमीटर, म्हणून मीटरला ०.९८ किलो.

हाच गुणाकार पाईपला लावला तर ४० बाय ४० चे मीटरला साडेबारा किलो येतात. ते भरीव चौकोनी बारचं वजन झालं. पाईप मुळात पत्र्याची पट्टी वाकवून, कडा जोडून केलेला असतो, म्हणून त्याला मनातल्या मनात उलगडायचं. जाडी २ मिमी असेल तर चाळिसातून दोन वजा करून चारने गुणायचं: १५२ मिमी रुंदीची, २ मिमी जाडीची पट्टी. आता पट्टीचंच सूत्र लावा, मीटरला २.३९ किलो. ते दोन वजा करायला विसरू नका, नाहीतर चारही कोपरे दोनदा मोजले जातात आणि वजन पाच टक्के जास्त दिसतं. खऱ्या पाईपचे कोपरे गोल असतात, त्यामुळे काट्यावर वजन या हिशोबापेक्षा किंचित कमीच भरेल.

आता एक गेट पूर्ण करून बघू. चिऱ्याच्या दोन खांबांमध्ये तीन मीटर जागा आहे आणि गेट दोन पल्ल्यांचं. प्रत्येक पल्ला १.४६ मीटर रुंद, १.५ मीटर उंच. चौकटीला ५.९२ मीटर आणि मधल्या आडव्याला १.३८ मीटर, असा पल्ल्याला ७.३ मीटर पाईप लागतो. दोन्ही पल्ल्यांचा १४.६ मीटर, म्हणजे साधारण ३५ किलो. प्रत्येक पल्ल्यात बारा उभ्या पट्ट्या घेतल्या तर मधल्या फटी सव्वातीन इंचांच्या आसपास राहतात. चौकटीचे वरचा-खालचा आणि मधला आडवा असे तिन्ही पाईप सोडून एका उभ्या ओळीला १.३८ मीटर पट्टी जाते, म्हणून एकूण ३३ मीटर, साडेबत्तीस किलो. बिजागऱ्या, कडी आणि वेल्डिंग सोडून गेट ६७ किलोंच्या आसपास जातं. पट्ट्या बारीक दिसतात, पण निम्मं वजन त्यांचंच आहे.

म्हणूनच दोन्हीकडची जाडी लिहून घ्यावी असं मी आग्रहाने सांगतो. पाईप २ ऐवजी १.६ मिमीचा, म्हणजे बोलीभाषेत चौदा गेजऐवजी सोळा गेजचा आला, तर साडेसहा किलो कमी होतात आणि बाहेरून काहीही कळत नाही. पट्टी ५ ऐवजी ३ मिमीची आली तर तेरा किलो जातात, पण ते पट्टीच्या कडेकडे बघूनही लक्षात येतं. पाईप तपासायचा तर कापलेल्या तोंडावर उठलेली खरखरीत धार, म्हणजे बर, घासून काढा आणि व्हर्नियरने भिंत मोजा. आतून शिवणीची रेघ उठलेली असते, ती बाजू सोडा. व्हर्नियर नसेल तर सहा मीटरची अख्खी लेंथ काट्यावर ठेवा: २ मिमीची चौदा किलोंच्या आसपास भरते, १.६ ची साडेअकराच्या.

कोकणात या फरकाला आणखी एक बाजू आहे. खाऱ्या वाऱ्यात पट्टीचा गंज समोर दिसतो, घासून पुन्हा रंग देता येतो. पाईप आतून गंजतो आणि आत ब्रश पोहोचत नाही. कडीसाठी पाडलेल्या भोकातून किंवा वेल्डिंगच्या अर्धवट टाक्यातून पावसाचं पाणी शिरतं आणि खालच्या आडव्या पाईपात साठतं. तिथे १.६ ची भिंत २ मिमीच्या आधी फुटणार. तेव्हा जोड सलग वेल्डने पूर्ण बंद करून घ्या आणि वजन कमी करायचंच असेल तर ते पट्ट्यांमधून करा, खालच्या पाईपातून नको.