उपग्रहाचा कक्षीय वेग, परिभ्रमणकाळ आणि मुक्तिवेग

ग्रहाभोवती ठरावीक अंतरावरून फिरत राहण्यासाठी उपग्रहाला लागणारा वेग म्हणजे कक्षीय वेग. एक फेरी पुरी व्हायला लागणारा वेळ हा त्याचा परिभ्रमणकाळ. त्याच अंतरावरून ग्रहाची ओढ कायमची सोडून जायला लागणारा किमान वेग म्हणजे मुक्तिवेग. महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकांत कक्षीय वेगाला ‘क्रांतिक वेग’ म्हणतात. ग्रहाचे वस्तुमान M आणि ग्रहाच्या केंद्रापासूनचे अंतर r एवढे दोनच आकडे हाती असले, की या तिन्ही राशी काढता येतात. या नोंदीत उदाहरणासाठी मंगळ घेतला आहे. त्याला दोन नैसर्गिक चंद्र आहेत आणि भारताचे मंगळयानही त्याच्याभोवती फिरले, त्यामुळे काढलेले उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहता येते.

वर्तुळाकार कक्षेतला उपग्रह सतत ग्रहाकडे पडत असतो, पण त्याच वेळी आडवा इतक्या वेगाने पुढे सरकतो की ग्रहापासूनचे त्याचे अंतर तेवढेच राहते. वर्तुळात फिरण्यासाठी जेवढे अभिकेंद्री बल लागते, तेवढेच गुरुत्वाकर्षण त्याला पुरवते. दोन्ही बले समान मांडली की पुढील सूत्रे मिळतात:

GMm/r² = mv²/r

v = √(GM/r)

T = 2πr/v

पहिल्या ओळीत दोन्ही बाजूंना असलेला m, म्हणजे उपग्रहाचे स्वतःचे वस्तुमान, कापला जातो. म्हणून एकाच कक्षेत डोंगराएवढा चंद्र असो की कपाटाएवढे यान, वेग एकच लागतो. दुसऱ्या ओळीत r भागाकारात आहे, म्हणजे कक्षा जितकी लांबची तितका वेग कमी. लांबच्या कक्षेत वाटही जास्त आणि चालही मंद, त्यामुळे परिभ्रमणकाळ अंतरापेक्षा झपाट्याने वाढतो. केप्लरचा तिसरा नियम हेच सांगतो: T चा वर्ग r च्या घनाच्या प्रमाणात असतो.

मंगळाचे वस्तुमान 6.417 × 10²³ किलोग्रॅम आहे आणि गुरुत्वस्थिरांक G ची किंमत एसआय एककांत 6.674 × 10⁻¹¹ आहे. दोहोंचा गुणाकार करून मीटरचे किलोमीटर केले की GM ची किंमत सुमारे 42,828 km³/s² येते. दर वेळी दहाचे मोठमोठे घात ओढत बसण्यापेक्षा ही एक संख्या जवळ ठेवून सगळी अंतरे किलोमीटरमध्ये घेतलेली बरी. वेगही मग सरळ किलोमीटर प्रति सेकंद असा मिळतो.

मंगळाचा मोठा आणि जवळचा चंद्र फोबोस हा केंद्रापासून सरासरी ९,३७६ किमी अंतरावर फिरतो. त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे, म्हणून वरची सूत्रे त्याला तशीच लागू पडतात.

v = √(42828/9376) = √4.568 = 2.137 km/s

T = 2π × 9376/2.137 ≈ 27,565 s

हा काळ ७ तास ३९ मिनिटांच्या किंचित वर जातो. प्रत्यक्ष मोजलेला काळही ७ तास ३९ मिनिटेच आहे, फरक दहाएक सेकंदांचा पडतो. हा फरक मुख्यतः सूत्राच्या एका गृहीतकामुळे आहे. सूत्र ग्रहाला पूर्ण गोल मानते, पण मंगळ विषुववृत्तापाशी थोडा फुगीर आहे आणि इतक्या जवळच्या चंद्राला तो फुगवटा जाणवतो.

मंगळाला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला २४ तास ३७ मिनिटे लागतात. फोबोस त्याच्या तिपटीहून जास्त वेगाने फेऱ्या मारतो. त्यामुळे मंगळावर उभे राहून पाहिले तर तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल आणि साधारण ११ तासांनी पुन्हा उगवेल. दुसरा चंद्र डायमॉस २३,४६३ किमी अंतरावर आहे. त्याचा वेग 1.35 km/s आणि परिभ्रमणकाळ सुमारे ३०.३ तास. तो मंगळाच्या फिरण्यापेक्षा थोडाच मंद असल्याने आकाशात रेंगाळत पश्चिमेकडे सरकतो.

या गणितात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे r च्या जागी पृष्ठभागापासूनची उंची टाकणे. फोबोस पृष्ठभागापासून सुमारे ५,९८६ किमी उंच आहे. हाच आकडा सूत्रात घातला तर परिभ्रमणकाळ जेमतेम चार तास येतो आणि उत्तर दिसायला अगदी शहाण्यासारखे दिसते. म्हणून उंची दिली असेल तर तीत मंगळाची सरासरी त्रिज्या, ३,३९० किमी, मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. कमी उंचीच्या कक्षेत ही चूक लगेच पकडता येते. अगदी पृष्ठभागाला चाटून जाणाऱ्या कल्पित कक्षेतला वेग 3.55 km/s येतो आणि मंगळाभोवतीच्या कोणत्याही वर्तुळाकार कक्षेत याहून जास्त वेग असूच शकत नाही. ४०० किमी उंचीसाठी कोणाचे उत्तर 10.3 km/s आले, तर त्याने त्रिज्या मिळवलेली नाही हे विचारायचीही गरज नाही. दुसरी चूक एककांची: G एसआय एककांत घ्यायचा आणि r मात्र किलोमीटरमध्येच ठेवायचा. अशा वेळी वेग हजाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ३१.६ पट फुगतो.

‘वस्तुमान दिले आहे’ असे गणितात सहज म्हटले जाते, पण ग्रह काही तराजूत घालता येत नाही. ऑगस्ट १८७७मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल यांनी मंगळाचे हे दोन्ही चंद्र शोधले. तोपर्यंत मंगळाचे वस्तुमान काढायला इतर ग्रहांच्या कक्षांत त्याच्यामुळे पडणाऱ्या बारीक फरकांवरून बांधलेल्या ढोबळ अंदाजावर विसंबावे लागत होते. चंद्र सापडल्यावर त्यांचे अंतर आणि परिभ्रमणकाळ मोजता आले आणि तेच सूत्र उलटे फिरवून वस्तुमान मिळू लागले:

GM = 4π²r³/T²

या रीतीने हाती येतो तो GM हा गुणाकार, एकटा M नव्हे. G स्वतः प्रयोगशाळेत चारपाच अंकांपर्यंतच खात्रीने मोजता आला आहे, तर मंगळाचा GM यानांच्या मागोव्यावरून त्याहून कितीतरी जास्त अंकांपर्यंत माहीत आहे. म्हणून कक्षेचे खरे हिशेब GM वरच चालतात. किलोग्रॅममधले वस्तुमान त्यातून मागाहून काढलेले असते आणि त्याची अचूकता G पेक्षा वर जात नाही.

मुक्तिवेगाचा विचार बलापेक्षा ऊर्जेने करणे सोपे. r अंतरावरच्या वस्तूला ग्रहाने जेवढ्या ऊर्जेने बांधून ठेवले आहे, निदान तेवढी गतिज ऊर्जा तिच्याजवळ असली तर ती सुटते.

½mv² = GMm/r

v = √(2GM/r)

मंगळाच्या पृष्ठभागावर हा वेग 5.03 km/s येतो. कक्षीय वेग आणि मुक्तिवेग यांत नेहमी √२ चे, म्हणजे १.४१४ पटीचे नाते असते. मात्र हे नाते दोन्ही वेग एकाच अंतरावर मोजले तरच लागू होते. पृष्ठभागावरचा मुक्तिवेग घेऊन त्याची तुलना दूरच्या कक्षेतल्या वेगाशी करणे ही आणखी एक नेहमीची गफलत. मुक्तिवेग ओलांडला म्हणजे गुरुत्वाकर्षण संपले असेही नाही. ओढ चालूच राहते, यान मंदावत जाते, पण परत फिरण्याइतके कधीच मंदावत नाही.

मंगळयानाच्या बाबतीत हे सूत्र उलट्या बाजूने कामाला आले. ५ नोव्हेंबर २०१३ला श्रीहरिकोट्याहून निघालेले हे यान मंगळापाशी पोहोचले तेव्हा त्याचा वेग मुक्तिवेगापेक्षा जास्त होता. बाहेरून येणाऱ्या कोणत्याही वस्तूचे असेच असते, आणि तिने वेग कमी केला नाही तर ती वळण घेऊन निघून जाते. २४ सप्टेंबर २०१४च्या सकाळी यानाचे ४४० न्यूटनचे मुख्य इंजिन सुमारे १,३८९ सेकंद चालवून वेग 1.099 km/s ने घटवण्यात आला. जवळजवळ ३०० दिवस निपचित पडून असलेले ते इंजिन पेटते की नाही, हे दोनच दिवस आधी चार सेकंद चालवून पाहिले होते.

या कामगिरीनंतर यानाची कक्षा लांबट लंबवर्तुळ झाली. जवळचे टोक पृष्ठभागापासून ४२१.७ किमी आणि दूरचे ७६,९९३.६ किमी उंचीवर होते. लंबवर्तुळात वेग जागोजागी बदलतो. तिथे r च्या जोडीला लांब अक्षाची अर्धी लांबी a लागते:

v² = GM(2/r − 1/a)

T = 2π√(a³/GM)

दोन्ही उंचींत मंगळाची विषुववृत्तीय त्रिज्या, ३,३९६.२ किमी, मिळवली की अंतरे ३,८१७.९ आणि ८०,३८९.८ किमी होतात आणि त्यांची सरासरी a = ४२,१०३.९ किमी. यावरून जवळच्या टोकाचा वेग 4.63 km/s येतो. त्याच जागचा मुक्तिवेग 4.74 km/s आहे. म्हणजे यान मुक्तिवेगाच्या खाली उतरले ते सेकंदाला जेमतेम ११० मीटरने. कमावलेल्या ४.६३मध्ये घटवलेला १.०९९ मिळवला तर आलेला वेग 5.73 km/s भरतो. ही बेरीज ढोबळ आहे, कारण इंजिन २३ मिनिटे चालले आणि त्या वेळात यान कक्षेचा मोठा टप्पा ओलांडून गेले. तरी तिच्यावरून एवढे कळते, की वेगातली घट दहाबारा टक्क्यांनी कमी पडली असती तर यान मंगळाच्या हातून निसटले असते.

मग आणखी ब्रेक लावून जवळची वर्तुळाकार कक्षा का धरली नाही? त्या अंतरावर वर्तुळाकार कक्षेचा वेग 3.35 km/s आहे. तिथवर उतरायला आणखी 1.28 km/s घटवावे लागले असते, म्हणजे पहिल्या खेपेपेक्षाही जास्त, आणि त्याला लागणारे इंधन एवढ्या छोट्या यानात मावणारे नव्हते. पकडले जाण्यापुरता वेग कमी करून लांबट कक्षेवर समाधान मानणे हाच स्वस्त मार्ग होता.

जवळच्या टोकाला यानाचा वेग तिथल्या वर्तुळाकार कक्षेच्या वेगापेक्षा बराच जास्त, म्हणून ते वर चढते. दूरच्या टोकाला तो उतरून सेकंदाला केवळ २२० मीटर उरतो, आणि तिथे वर्तुळात टिकायला ७३० मीटर लागतात, म्हणून ते पुन्हा खाली पडते. a वरून काढलेला परिभ्रमणकाळ ७२ तास ५१ मिनिटे ४० सेकंद येतो. इस्रोने जाहीर केलेला आकडा ७२ तास ५१ मिनिटे ५१ सेकंदांचा होता. विषुववृत्तीय त्रिज्येऐवजी सरासरी त्रिज्या घेतली तर याच गणितात सुमारे एका मिनिटाची तूट येते. म्हणून जाहीर केलेली उंची कोणत्या त्रिज्येपासून मोजली आहे, हे आधी पाहावे लागते.