चार हजार तासांचं गणित

"शॉर्ट्स टाकत राहा, ४००० तास भरले की दरमहा पैसे सुरू," असं नव्या यूट्यूबरला सांगितलं जातं.

जाहिरातींच्या उत्पन्नासाठी यूट्यूब १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत प्रेक्षकांनी व्हिडिओ पाहिल्याचेच ४००० तास धरतं. शॉर्ट्स फीडमधले तास त्यात येत नाहीत. शॉर्ट्सची वाट वेगळी, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूजची. म्हणजे Analytics मध्ये वर्षाचे ४३०० तास दिसले आणि त्यातले १९०० शॉर्ट्स फीडचे निघाले, तर हाती उरतात २४००. खरा आकडा Studio मधल्या Earn टॅबवर पाहा.

यूट्यूबच्या मंजुरीआधीच्या व्ह्यूजचे पैसे मिळत नाहीत. एक व्हिडिओ सरासरी ४ मिनिटं पाहिला गेला, तर ४००० तास म्हणजे ६०,००० व्ह्यूज, महिन्याला ५०००. हजार व्ह्यूजना १ डॉलर धरला तर महिन्याचे ५ डॉलर होतात. डॉलरच्या खात्यात १०० जमल्याशिवाय रक्कम निघत नाही, म्हणजे पहिल्या रकमेसाठी २० महिने.