फौजदारी खटल्याचे टप्पे : दोषारोपपत्रापासून निकालापर्यंत

पोलिसांचा तपास संपून दोषारोपपत्र दाखल झाले की प्रकरण न्यायालयाच्या हाती येते. १ जुलै २०२४ पासून भारतात ही प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ नुसार चालते. त्याआधी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. टप्पे बरेचसे तेच राहिले, मात्र काहींना मुदती लागल्या. या सगळ्या प्रवासात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की दोषारोपपत्रातला कागद हा पुरावा नसतो. तो न्यायालयात साक्षीने शाबीत व्हावा लागतो.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत भांडण झाले. एकाने कोयता उगारला, दुसऱ्याने हात आडवा धरला आणि त्याच्या हाताला खोल जखम झाली. जखमीने फिर्याद दिली की वार मानेवर होता, जीवच घ्यायचा होता. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली, म्हणजे खुनाचा प्रयत्न म्हणून नोंदला गेला.

आरोपी कोठडीत असेल तर अशा गुन्ह्यात पोलिसांना ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करावे लागते, कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत ६० दिवसांत. मुदत अटकेपासून नव्हे, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून मोजतात. ती चुकली आणि आरोपीने जामीन देण्याची तयारी दाखवून अर्ज केला, तर गुन्हा कितीही गंभीर असला तरी जामिनाचा हक्क मिळतो. दोषारोपपत्रात फिर्याद, साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय दाखला असे कागद असतात. त्यांच्या नकला आरोपीला विनामूल्य मिळतात. खुनाचा प्रयत्न फक्त सत्र न्यायालयात चालतो, म्हणून न्यायदंडाधिकारी प्रकरण तिकडे वर्ग करतात.

इथे आरोपीला दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत. दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता यांत नवख्यांची नेहमी गल्लत होते. दोषमुक्ती खटला सुरू होण्याआधी मिळते, निर्दोष मुक्तता तो चालल्यावर. दोषमुक्तीच्या वेळी न्यायाधीश गुन्हा शाबीत झाला का, हे पाहत नाहीत. कागद जसेच्या तसे खरे धरले तर आरोपीवर गंभीर संशय उभा राहतो का, एवढेच पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली प्रफुल्ल कुमार सामल प्रकरणात हीच मर्यादा आखून दिली. आपल्या आरोपीच्या वकिलांनी जखम साधी असल्याचे दाखवले, पण फिर्यादीत मानेवरच्या वाराचा उल्लेख होता. अर्ज फेटाळला गेला.

मग दोषारोप ठेवला जातो. कुठल्या तारखेला, कुठे, कोणाविरुद्ध, काय केले आणि कोणते कलम लागते, हे आरोपीला समजेल अशा भाषेत वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. खरा खटला इथून सुरू होतो. आपल्या आरोपीने गुन्हा नाकबूल केला.

आता साक्षी. सरकारी वकील आपल्या साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे पहिली तपासणी घेतात, मग बचावाचे वकील उलटतपास. जखमीच्या भावाने सांगितले, ‘दोन वार झाले.’ पण पोलिसांपुढच्या जबाबात एकच वार होता. असा जबाब सरकार पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही, परंतु बचावाला साक्षीतली विसंगती दाखवायला वापरता येतो. बचावाने ती दाखवली आणि तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासात शाबीतही करून घेतली. डॉक्टरांनाही एकच जखम आढळली होती, हाड शाबूत होते. कोयता जप्त करतानाचे पंच फितूर झाले. पण पंच उलटले म्हणून जप्ती आपोआप खोटी ठरत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर न्यायालय ती स्वीकारू शकते.

सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्यातली प्रत्येक अडचणीची बाब आरोपीपुढे ठेवून त्याचे म्हणणे विचारतात. हा जबाब शपथेवर नसतो. हा टप्पा घाईने उरकला आणि महत्त्वाची बाब विचारायची राहिली, तर ती आरोपीविरुद्ध वापरता न येण्याचा धोका असतो. पुढे बचावाचे साक्षीदार असल्यास तपासतात आणि युक्तिवाद होतो.

युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो, कारणे नोंदवून ४५ दिवसांपर्यंत. आता कसोटी बदललेली असते. दोषारोपाच्या वेळी पुरलेला संशय इथे पुरत नाही, गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो. आपल्या प्रकरणात वार झाला हे शाबीत झाले, पण ‘दुसरा वार’ टिकला नाही आणि जिवे मारण्याचा हेतू संशयास्पद ठरला. न्यायालयाने कलम १०९ मधून आरोपीची निर्दोष मुक्तता केली आणि धारदार हत्याराने दुखापत केल्याबद्दल कलम ११८(१) खाली दोषी धरले. मोठ्या आरोपात सामावलेला लहान गुन्हा शाबीत झाला, तर त्याचा वेगळा दोषारोप ठेवलेला नसला तरी शिक्षा देता येते. या कलमात ती जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत आरोपीला स्वतंत्रपणे ऐकून घेतात. निकालपत्राची नक्कल त्याला विनामूल्य मिळते आणि उच्च न्यायालयात अपिलासाठी ६० दिवस असतात. मुद्देमालातला कोयता नष्ट करण्याचा आदेश निकालातच असला, तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत तो सहसा जपूनच ठेवतात.